लस आधीच घेतली असेल, तर चाव्यानंतर काय बदलते?

«डॉक्टर मॅडम, मी पशुवैद्यकीय पदवीच्या चौथ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात रेबीजच्या प्रतिबंधक लशीचे तीन डोस घेतले होते. सुट्टीत गावी आले, आणि रविवारी गल्लीतल्या पिल्लाने उजव्या हाताच्या तर्जनीला चावा घेतला, रक्त आले. ग्रामीण रुग्णालयात सांगितले की चार वेळा यावे लागेल आणि सिरमसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल. मैत्रीण म्हणते, तुझे डोस झालेत, आता कशाचीच गरज नाही. दोघांपैकी खरे कोणाचे? घरी एक कुत्रा आहे आणि आई गल्लीतल्या पिल्लांना रोज खाऊ घालते. तिलाही आधीच लस द्यावी का?»

मंगळवारी संध्याकाळी तुमचा मजकूर हाती आला, तेव्हा लगेच फोन करून जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे, कारण कुत्र्याच्या चाव्याचा प्रश्न सदर छापून येईपर्यंत थांबू शकत नाही आणि आपल्याला आलेल्या अशा प्रसंगी कोणीही उत्तराची वाट पाहत बसू नये. थोडक्यात सांगायचे, तर तुमच्या बाबतीत रुग्णालयाचा सल्लाही पूर्ण लागू होत नाही आणि मैत्रिणीचा तर मुळीच लागू होत नाही. तुम्हाला सिरम नको, चार फेऱ्याही नकोत. पण दोन डोस हवेतच, आणि ते पिल्लू पुढे जगले की मेले हे पाहण्याआधी सुरू व्हायला हवेत.

आधी मैत्रिणीच्या म्हणण्याबद्दल लिहिते, कारण जिवावर बेतणारी चूक तीच आहे. १९८३ साली केनियात काम करणारी एक तरुण अमेरिकन स्वयंसेविका रेबीजने दगावली. तिने कातडीत टोचायच्या पद्धतीने प्रतिबंधक लस आधी रीतसर घेतलेली होती. तिला तिने पाळलेले पिल्लू चावले आणि चाव्यानंतर जे डोस घ्यायला हवे होते ते घेतले गेले नाहीत. त्या प्रकरणानंतर असाही संशय आला की मलेरियासाठी घेतल्या जाणाऱ्या क्लोरोक्विन गोळ्यांमुळे तिच्या शरीराने कातडीतल्या लशीला पुरेसा प्रतिसाद दिला नसावा, आणि पुढच्या अभ्यासात या गोळ्या तसा प्रतिसाद कमी करतात हे दिसूनही आले. म्हणूनच या गोळ्या चालू असणाऱ्यांना लस कातडीत न देता स्नायूत दिली जाते. परंतु त्या घटनेतला तुमच्यासाठी महत्त्वाचा धागा वेगळा आहे: आधीची लस ही चाव्यानंतरच्या उपचाराची जागा घेत नाही, ती तो उपचार सोपा आणि छोटा करते.

असे का होते, हे तुम्ही पशुवैद्यकाच्या विद्यार्थिनी असल्याने थोडे आतून समजून घ्यावे असे मला वाटते. चाव्यातून आलेला विषाणू काही काळ जखमेच्या आसपासच्या स्नायूत राहतो, मग चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरतो आणि चेतांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. एकदा तो चेतांमध्ये शिरला की रक्तातली प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तर जवळजवळ कोणीही वाचत नाही. त्यामुळे सारी शर्यत सुरुवातीच्या दिवसांतली आहे. ज्याने कधीच लस घेतलेली नाही, त्याच्या शरीराला पहिल्या डोसनंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार करायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या रिकाम्या दिवसांत विषाणूला अडवण्यासाठी बाहेरून तयार प्रतिपिंडे आणून थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचावी लागतात. बोलीभाषेत आपण ज्याला सिरम म्हणतो, ते हेच इम्युनोग्लोब्युलिन.

ज्याने आधी लस पूर्ण केली आहे, त्याच्या शरीरात या विषाणूची ओळख ठेवणाऱ्या पेशी शिल्लक असतात. रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी वर्षांगणिक खाली येत जाते. ती इतकी खाली जाऊ शकते की तपासणीत अपुरी दिसावी, तरी ओळख मात्र पुसली जात नाही. नवा डोस मिळताच या पेशी काही दिवसांत भरभर प्रतिपिंडे तयार करू लागतात. मधला रिकामा काळ उरत नाही, म्हणून तो भरून काढणाऱ्या सिरमचीही गरज उरत नाही. एवढेच नव्हे, तर बाहेरून दिलेली प्रतिपिंडे शरीराचा हा जलद प्रतिसाद काहीशी दाबूही शकतात. त्यामुळे «दिले तर काय बिघडले» हा विचार येथे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आणि भारताच्या राष्ट्रीय रेबीज नियंत्रण कार्यक्रमाचे मार्गदर्शन या मुद्द्यावर एकच सांगते: आधी पूर्ण लस झालेल्या व्यक्तीला, जखम तुमच्यासारखी रक्त आलेली, म्हणजे सर्वांत गंभीर अशा तिसऱ्या श्रेणीची असली तरी, सिरम द्यायचे नाही आणि लशीचे दोनच डोस द्यायचे, शून्य दिवशी आणि तिसऱ्या दिवशी.

मग रुग्णालयाने तुम्हाला चार फेऱ्या का सांगितल्या? तुमचे बोलणे ऐकल्यावर मला वाटते की तुम्ही तेथे «लस झालेली आहे» असे तोंडी सांगितले, पण कागद दाखवला नाही. अशा वेळी त्यांनी तुम्हाला कधीच लस न घेतलेली व्यक्ती धरले, आणि यात त्यांची चूक नाही. ज्याच्या आधीच्या लशीची नोंद नाही, किंवा जिचे डोस अर्धवट राहिले आहेत, त्या व्यक्तीवर पहिल्यापासून उपचार करावेत असाच नियम आहे, कारण आठवणीवर विसंबून सिरम टाळले आणि आठवण चुकीची निघाली तर ती चूक दुरुस्त करायला संधी मिळत नाही. मी एका रुग्णालयाच्या दंश विभागात काम करीत असताना एक तरुण ठामपणे सांगत होता की त्याचे सर्व डोस झाले आहेत. घरच्यांनी जुना कागद शोधून आणला तेव्हा त्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद निघाली. जुन्या पिढीतल्या काहींच्या मनात पोटात घेतलेली १४ इंजेक्शने असतात. ती मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली जुनी लस आपल्याकडे बंद होऊन बरीच वर्षे झाली, आणि ती घेतलेल्या माणसालाही आज नव्याने उपचार घेणारा असेच धरले जाते.

तुमचे नशीब असे की तुम्ही फोन ठेवल्यावर जुन्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो शोधून काढला. त्यावर ५ सप्टेंबर, १२ सप्टेंबर आणि २६ सप्टेंबर या तीन तारखा, लशीचे नाव, बॅच क्रमांक आणि सही-शिक्का आहे. पहिल्या तारखेपासून मोजले तर हे डोस शून्य, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पडतात, म्हणजे राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे तुमची प्रतिबंधक लस पूर्ण झालेली आहे. (तिसरा डोस २१ ऐवजी २८व्या दिवशी असता, तरी चालले असते.) हा फोटो दाखवल्यावर तेथील डॉक्टरांनी लगेच दोन डोसांचे वेळापत्रक मान्य केले, हे तुम्ही कळवले तेव्हा मला फार बरे वाटले. त्या फोटोची एक छापील प्रत काढून ठेवावी आणि या वेळच्या दोन डोसांची नोंदही त्याच कागदावर करून घ्यावी, कारण पुढच्या वेळी तुम्ही कोणत्या गावात असाल हे सांगता येत नाही.

तुमचा पहिला डोस बुधवारी झाला. शून्य दिवस म्हणजे चाव्याचा दिवस नव्हे, पहिला डोस ज्या दिवशी दिला तो दिवस. ही गल्लत मी रुग्णांकडूनच काय, नव्याने कामाला लागलेल्या कर्मचाऱ्यांकडूनही पाहिली आहे. पिल्लू रविवारी चावले म्हणून काहींनी तुमचा तिसरा दिवस बुधवारी मोजला असता आणि एकच डोस देऊन मोकळे केले असते. बुधवार हा शून्य धरला, की दुसरा डोस शनिवारी येतो. तो कातडीत दिला तर एका जागी ०.१ मिलि. एवढाच असतो, आणि स्नायूत दिला तर पूर्ण कुपी. दोन्ही पद्धती चालतात. दोन वर्षांपूर्वी वेगळ्या कंपनीची लस होती किंवा वेगळ्या पद्धतीने टोचली होती, यामुळेही काही अडत नाही.

कातडीत दिलेला डोस नीट बसला की नाही, हे तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहू शकता. सुई जवळजवळ कातडीला समांतर धरून दंडावर ०.१ मिलि. सोडली की तेथे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, फिकट, उचललेला लहानसा फुगवटा दिसला पाहिजे; तान्ह्या बाळाला बीसीजी देताना जसा दिसतो, तसाच. औषध सहज आत गेले आणि फुगवटा उठलाच नाही, तर सुई कातडीखाली गेली असे समजावे आणि शेजारी पुन्हा डोस द्यायला सांगावे. स्नायूतला डोस दंडातच द्यायचा असतो, कुल्ल्यावर नव्हे. तेथे चरबीत गेलेली लस हवा तसा प्रतिसाद देत नाही.

आता जखमेबद्दल. रक्त येताच आईने त्यावर हळद भरली, असे तुम्ही सांगितलेत. आईने मायेने केले, तरी तिला सांगावे लागेल की हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यावर लावायचे नाही. आधी लस झालेल्या माणसासाठी जे बदलत नाही, त्यात हे पहिले: वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे जखम धुणे. पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजली म्हणजे कळते की ती किती लांब असतात. बहुतेकजण दोन मिनिटांत नळ बंद करतात. विषाणूचे आवरण चरबीयुक्त असल्यामुळे साधा अंगाचा साबणही त्याला निकामी करतो, आणि पाणी त्याची संख्याच कमी करते. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. दोन दिवस उलटले तरी धुणे टाळू नये, म्हणून मी तुम्हाला फोनवरच हळद खरवडून न काढता भिजवून, साबणाने धुऊन काढायला सांगितले. अशी जखम शक्यतो शिवत नाहीत; धनुर्वाताच्या लशीची स्थिती मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

सिरम टळले याने नेमके काय वाचले, हे सांगते. ५० किलो वजनाच्या माणसाला घोड्यापासून बनवलेले सिरम दर किलोला ४० युनिट या हिशेबाने जास्तीत जास्त २,००० युनिट लागते, आणि त्यातले शक्य तितके जखमेतच टोचायचे असते. तर्जनीच्या टोकाला जागा ती किती? तेथे सुई घालून औषध भरताना बोट ताणले जाते आणि वेदना होतात, फार भरले तर बोटाच्या रक्तपुरवठ्यालाही धोका पोहोचतो. शिवाय हे औषध प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असतेच असे नाही, त्यामुळे जिल्ह्याचा प्रवास आला. आधीची तीन छोटी इंजेक्शने घेतल्याने हा सारा भाग गळून जातो, आणि माझ्या मते खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या पशुवैद्यकासाठी प्रतिबंधक लशीचे सर्वांत मोठे मोल यातच आहे.

पिल्लाबद्दलही तुम्ही फोनवर विचारले होते. कुत्रा आणि मांजर यांच्यावर १० दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत आहे, कारण लाळेतून विषाणू बाहेर पडू लागल्यापासून ते जनावर साधारण तेवढ्या अवधीत आजारी पडते किंवा मरते. पण हे निरीक्षण उपचाराच्या सोबत चालते, उपचाराच्या ऐवजी नाही. तुमचे दोन डोस तर ते दहा दिवस संपायच्या आत पूर्ण होतात. पिल्लू मेले तर त्याचे डोके तपासणीसाठी पाठवण्याची व्यवस्था तुमच्या महाविद्यालयातल्या शिक्षकांना विचारून करावी, कारण आईने आणि गल्लीतल्या मुलांनी त्याला हाताळले असेल, आणि त्या सर्वांची चौकशी त्यावर अवलंबून राहील. पिल्लू लहान आहे म्हणून ते निर्धोक असते हा समज चुकीचा आहे.

तुमच्या पुढच्या अभ्यासक्रमासाठी मला एका वेगळ्याच प्रसंगाची काळजी वाटते, कारण त्यात चावा नसतो आणि म्हणून कोणी डॉक्टरांकडे जात नाही. शेतकरी गाय घेऊन येतो: तोंडातून लाळ गळते आहे, चारा गिळता येत नाही, आवाज बसल्यासारखा झाला आहे. घशात काही अडकले असेल असे समजून विद्यार्थी हातमोजे न घालता तोंडात हात घालतात, आणि नखांजवळच्या चिरा, सकाळी ओरखडलेले बोट, दातांनी खरचटलेली मूठ, सर्व काही त्या लाळेत भिजते. पुढे दोन-तीन दिवसांत गाय मागचे पाय टाकू लागते, कुंथते, वेगळ्याच आवाजात हंबरते आणि मरते, तेव्हा रेबीजची शंका येते. उघड्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली असेल तर ती तिसऱ्या श्रेणीचीच बाधा होय. लस झालेल्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी हात १५ मिनिटे धुऊन शून्य आणि तिसऱ्या दिवसाचे दोन डोस घ्यावेत. दहा दिवसांचे निरीक्षण गाईला लागू नाही, हे लक्षात असू द्यावे. ज्या हाताची कातडी सर्वत्र अखंड होती आणि लाळ फक्त तिच्यावर लागली, त्याला धुण्यापलीकडे काही लागत नाही. पण जनावरे हाताळणाऱ्यांच्या हाताची कातडी तशी क्वचितच असते, म्हणून शंका असेल तर मी दोन डोसांच्या बाजूने निर्णय देते.

तुमच्या वर्गातल्या काहींचा तिसरा डोस परीक्षेमुळे राहिला आहे असे तुम्ही म्हणालात. त्यांनी तो राहिलेला डोस आता घेऊन टाकावा. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून शून्य आणि सातवा असे दोन दिवसांचे वेळापत्रकही मान्य केले आहे, परंतु आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनात तीन डोस आहेत आणि चाव्याच्या वेळी समोरचे डॉक्टर तेच पाहणार. दोनच तारखा असलेला कागद घेऊन रात्री अकरा वाजता वाद घालण्यापेक्षा तिसरी तारीख आजच लिहून घेतलेली बरी.

रक्तातली प्रतिपिंडे मोजण्याची तपासणी करून घ्यावी का, हाही प्रश्न पशुवैद्यक वारंवार विचारतात. ज्यांचा संबंध सतत येतो, त्यांच्यासाठी ठरावीक काळाने ही तपासणी करून पातळी दर मिलिलिटरला ०.५ युनिटपेक्षा खाली आढळल्यास एक पूरक डोस देतात. तुम्ही प्रत्यक्ष दवाखान्यात काम सुरू कराल तेव्हा याचा विचार करावा. मात्र पातळी उत्तम आहे या अहवालाच्या भरवशावर चाव्यानंतरचे दोन डोस टाळू नयेत. तो अहवाल त्या दिवसाच्या रक्ताचा असतो, आणि चाव्यानंतरचा नियम त्याला बांधलेला नाही.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एखाद्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने दबलेली असेल, म्हणजे कर्करोगाची औषधे, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, मोठ्या मात्रेत बराच काळ चाललेली स्टेरॉइड्स, उपचाराविना वाढलेला एचआयव्ही, तर आधी लस झालेली असूनही त्या व्यक्तीला पूर्ण उपचार आणि सिरम द्यावे लागते, कारण जी आठवण जागी होईल असे आपण धरतो, तिचाच तिथे भरवसा नसतो. अशा व्यक्तीने डॉक्टरांना औषधांची नावे स्वतःहून सांगितली पाहिजेत.

आईबद्दल माझे उत्तर होय असे आहे, पण त्याचे कारण घरचा कुत्रा नव्हे. फक्त एक लसीकरण झालेला, घरात राहणारा कुत्रा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने ही लस सुचवत नाही. तेथे कुत्र्याची लस दरवर्षी वेळेवर घेणे आणि चाव्यानंतर उपचार न टाळणे हे पुरेसे ठरते. आई मात्र रोज लस न झालेल्या पिल्लांच्या तोंडाशी हात नेते, आणि तुमच्या गावापासून सिरम मिळण्याचे ठिकाण दूर आहे. म्हणून तिने शून्य, सात आणि एकवीस या दिवशी तीन डोस घ्यावेत, सोबत चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी, आणि सांधेदुखीसाठी स्टेरॉइड किंवा मलेरियासाठी क्लोरोक्विन चालू असेल तर आधी सांगावे. सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तिला आज नीट विचारा: गेल्या आठवड्यात त्याच पिल्लाने तिलाही ओरखडले होते का, किंवा खाऊ घालताना तिच्या चिरलेल्या बोटाला चाटले होते का. तसे झाले असेल, तर तिला प्रतिबंधक लस नव्हे, तर चाव्यानंतरचा पूर्ण उपचार लागेल, आणि जखमेच्या श्रेणीप्रमाणे सिरमही. त्यासाठी एकविसाव्या दिवसापर्यंत थांबता येणार नाही, आजच निघावे लागेल.